रुग्णालयाच्या नोंदींसाठी ॲटॅक ट्री: एका रुग्णाच्या एका अहवालापासून सुरुवात

प्रश्न: मी एका १५० खाटांच्या खाजगी रुग्णालयात आयटी सांभाळतो. रुग्णांच्या नोंदींसाठी ॲटॅक ट्री, म्हणजे हल्ल्याच्या वाटांचं झाड, काढा, असं ऑडिटरने सांगितलंय. मी काढायला बसलो की फिशिंग, रॅन्समवेअर, एसक्यूएल इंजेक्शन अशी लांबलचक यादीच होते, झाड काही होत नाही. आणि झालं तरी त्यावरून ठरवायचं काय, तेही कळत नाही. एखादं उदाहरण पूर्ण सोडवून दाखवाल का?

उत्तर:

तुमच्या कागदावर सगळ्यात वर काय लिहिलंय ते आधी बघा. तिथे "एचआयएमएस, म्हणजे रुग्णनोंदींची संगणक प्रणाली, हॅक होणे" किंवा "डेटा सुरक्षेचा भंग" असं काही असेल, तर खाली यादीच येणार. भंग करणं हे कुणाचंच उद्दिष्ट नसतं. एखाद्याला एका माणसाचा आजार जाणून घ्यायचा असतो, दुसऱ्याला सगळ्या रुग्णांचे फोन नंबर विकायचे असतात, तिसऱ्याला तुमचं काम बंद पाडून खंडणी हवी असते. या तीन गोष्टींची तीन वेगळी झाडं होतात. एकाच कागदावर तिन्ही कोंबली की फांद्या एकमेकींत अडकतात आणि हाती यादी उरते.

ही पद्धत ब्रूस श्नायर यांनी १९९९ साली मांडली तेव्हापासून त्या नावाने रूढ झाली. तिच्यामागे अभियांत्रिकीतली जुनी फॉल्ट ट्री आहे, जी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये क्षेपणास्त्राच्या यंत्रणेसाठी तयार झाली. फॉल्ट ट्रीमध्ये यंत्राचा भाग आपोआप बिघडतो. इथे एक माणूस विचार करून सोपा रस्ता निवडतो. पुढचं सगळं या एका फरकावर उभं आहे.

तर एक उद्दिष्ट घेऊ. तुमच्याकडे दाखल असलेल्या एका ज्येष्ठ रुग्णाची, त्यांना 'क्ष' म्हणू, बायोप्सी झाली आहे. त्यांच्या भावकीत जमिनीचा वाद कोर्टात चालू आहे. समोरच्या बाजूच्या एकाला त्या बायोप्सीचा निकाल हवाय, कारण आजार गंभीर निघाला तर तडजोडीची घाई न करता तो दावा लांबवेल. या माणसाला संगणकाची फारशी माहिती नाही, पण एखाद्या जाणकार पोराला पैसे देऊन काम करून घेऊ शकतो. २०,००० रुपयांपर्यंत खर्च करायची त्याची तयारी आहे. पोलीस केस मात्र अजिबात नकोय, कारण आधीच कोर्टात उभा आहे. हल्लेखोराचं वर्णन असं चार-पाच वाक्यांत लिहून काढल्याशिवाय झाडाला हात लावू नका. पुढे आकडे टाकताना "हे त्याला जमेल का, परवडेल का" हे विचारायला समोर कुणीतरी माणूस हवा.

आता झाड. मूळ वर, फांद्या खाली; ज्याच्याखाली काही फुटत नाही ते पान, जिथे फुटतं ती गाठ. प्रत्येक गाठीचे दोनच प्रकार: खालच्यापैकी कोणतीही एक गोष्ट पुरेशी असेल तर 'किंवा', सगळ्या लागत असतील तर 'आणि'.

```
मूळ: 'क्ष' यांचा बायोप्सी अहवाल बाहेरच्याला कळतो [किंवा]
 १ ज्याला बघायचा हक्क आहे त्याच्याकडून [किंवा]
   १.१ कर्मचाऱ्याला पैसे देऊन               ८,०००
   १.२ फोनवर जवळचा नातेवाईक बनून             १००
 २ एचआयएमएस स्वतः उघडून [आणि]
   २.१ एचआयएमएसच्या पडद्यापर्यंत पोचणे [किंवा]
     २.१.१ वॉर्डातला संगणक                   ५००
     २.१.२ बाहेरून व्हीपीएन                 १,०००
   २.२ चालू लॉगिन मिळवणे [किंवा]
     २.२.१ उघडं राहिलेलं लॉगिन                 ०
     २.२.२ वॉर्डाचा सामायिक पासवर्ड           ५००
     २.२.३ फसव्या मेलने डॉक्टरांचा पासवर्ड    १५,०००
 ३ एचआयएमएसबाहेरच्या प्रतीतून [किंवा]
   ३.१ लॅबच्या एसएमएस लिंकमधला क्रमांक बदलून  ३,०००
   ३.२ वॉर्डातला कागदी केस पेपर वाचून        ५००
   ३.३ डॉक्टरांच्या ग्रुपमधल्या फोटोवरून      ५,०००
```

उजवीकडचे आकडे त्या माणसाला येणारा खर्च आहे, रुपयांत. ते मी उदाहरणापुरते धरलेत. तुमचे तुम्ही टाका. रुपया-रुपयाचा हिशेब इथे कुणालाच जमत नाही. शेकड्यातलं काम आहे, हजारातलं आहे की लाखातलं, एवढं बरोबर आलं की पुरे. ते तपासायची रीत सोपी आहे: एखादा आकडा दुप्पट किंवा निम्मा करून बघा. तुमचा निर्णय बदलत नसेल तर त्या आकड्यावर वाद घालू नका. बदलत असेल तर तो आकडा जागेवर जाऊन पडताळा.

या झाडात काय नाही तेही बघा. फिशिंग एका पानावर आलंय, तेही हल्लेखोर काय करतो त्या रूपात. एसक्यूएल इंजेक्शन आलेलंच नाही. ते या माणसाला अशक्य आहे असं नाही, पण इथे १०० रुपयांत काम होत असताना तो त्या वाटेला जाणार नाही. झाडातलं प्रत्येक पान ही कुणीतरी करायची कृती असते, मग क्रियापद त्यावर असो की वरच्या गाठीत. पानावर फक्त एखाद्या तंत्राचं किंवा सॉफ्टवेअरच्या दोषाचं नाव आलं की समजावं, आपण पुन्हा यादीकडे घसरलो. दुसरी खूण म्हणजे पूर्ण झाडात एकही 'आणि' नसणं. सगळंच 'किंवा' असेल तर ती यादीच, फक्त आडवी मांडलेली.

खाली किती खोल जायचं? एखादं पान तुम्ही स्वतः जाऊन "हो, हे आज शक्य आहे" किंवा "नाही" असं तपासू शकता, तिथे थांबायचं. "वॉर्डातला संगणक उघडा राहतो का" हे दुपारी तीनच्या सुमारास, ड्यूटी बदलताना वॉर्डात उभं राहिलं की कळतं. त्याच्या खाली फांद्या काढायची गरज नाही.

आता हिशेब, पानांपासून वर. 'किंवा' असेल तिथे सर्वांत स्वस्त पर्याय घ्यायचा, 'आणि' असेल तिथे बेरीज करायची. खर्चाऐवजी लागणारं कौशल्य मोजत असाल तर 'आणि'मध्ये बेरीज करायची नाही, सर्वांत मोठं घ्यायचं, कारण सगळ्यांत अवघड पायरी ज्याला जमते त्याला बाकीच्याही जमतात. फांदी १ ची किंमत १००. फांदी २ मध्ये पडद्यापर्यंत पोचायला ५०० आणि उघडं लॉगिन शून्य, म्हणून ५००. फांदी ३ ची ५००. मूळ 'किंवा' आहे, म्हणून पूर्ण झाडाची किंमत १०० रुपये: एक फोन.

फोनच्या पानाला हलकं समजू नका. डिसेंबर २०१२ मध्ये लंडनच्या किंग एडवर्ड सेव्हन्थ हॉस्पिटलमध्ये ब्रिटनच्या राजघराण्यातली केट दाखल होती. ऑस्ट्रेलियाच्या एका रेडिओ केंद्राच्या दोन निवेदकांनी राणी आणि चार्ल्स असल्याचं भासवून तिथे फोन केला आणि तिच्या प्रकृतीची माहिती मिळवली. एकही पासवर्ड तुटला नाही. आपल्याकडे तर "मी मुलगा बोलतोय, पुण्याहून, बाबांचा रिपोर्ट आला का" हा फोन रोजचा आहे आणि दहापैकी नऊ वेळा खरंच मुलगाच बोलत असतो. सिस्टर माणुसकीने सांगतात. म्हणून उपायही माणुसकी न मोडणारा हवा. दाखल करतानाच कुटुंबाने दिलेल्या एका नंबरवर आपण उलटा फोन करायचा. फोन आलेल्या नंबरवर निकाल सांगायचाच नाही. "मी पाच मिनिटांत तुम्हाला घरच्या नंबरवर फोन करते" हे वाक्य कुणालाच टोचत नाही. ही सवय वॉर्डात रुळली की १.२ ची किंमत १०० वरून समजा १०,००० वर जाते, कारण आता त्याला घरातल्या कुणाचा तरी फोन हाती हवा.

अशा झाडांत एक चूक वारंवार होते आणि ती सहज दिसत नाही, म्हणून फांदी २ कडे परत जाऊ. समजा तुम्ही नर्सिंग स्टेशनच्या संगणकाला काच लावली, बाहेरच्याने तिथे बसणं अवघड केलं, आणि २.१.१ ची किंमत ५,००० केली. आता झाडाचा हिशेब काय सांगतो? पडद्यापर्यंत पोचायचा स्वस्त मार्ग व्हीपीएन, १,०००. लॉगिनचा स्वस्त मार्ग उघडं राहिलेलं लॉगिन, शून्य. बेरीज १,०००. पण हा हल्ला जगात अस्तित्वातच नाही. उघडं राहिलेलं लॉगिन वॉर्डातल्या संगणकावर असतं. ते घरी बसून व्हीपीएनवरून वापरता येत नाही. झाडाला हे माहीत नाही. ते 'आणि'च्या दोन्ही बाजूंची पानं स्वतंत्र समजून हवी तशी जुळवतं.

यावर उपाय म्हणजे फांदी नव्याने मांडणं. आधी वाट वेगळी करायची, मग त्या वाटेला लागणाऱ्या गोष्टी खाली लिहायच्या.

```
 २ एचआयएमएस स्वतः उघडून [किंवा]
   २क वॉर्डातून [आणि]
      वॉर्डातल्या संगणकापर्यंत पोचणे          ५००
      उघडं लॉगिन (०) किंवा सामायिक पासवर्ड (५००)
   २ख बाहेरून [आणि]
      व्हीपीएनपर्यंत पोचणे                  १,०००
      फसव्या मेलने डॉक्टरांचा पासवर्ड        १५,०००
```

आता २क ची किंमत ५०० आणि २ख ची १६,०००. हे मांडताना एक प्रश्न आपोआप पुढे येतो: वॉर्डाचा सामायिक आयडी व्हीपीएनवर चालतो का? मी वर नाही असं धरलंय. तुमच्याकडे व्हीपीएनला एचआयएमएसचेच आयडी जोडलेले असतील, तर २ख ची किंमत १६,००० वरून १,५०० वर येते आणि कुठल्याही फसव्या मेलची गरज उरत नाही. नुसत्या यादीत हा प्रश्न कधीच सुचला नसता.

यावरून ठरवायचं काय, हा तुमचा दुसरा प्रश्न. व्यवस्थापनाला "सुरक्षेसाठी काहीतरी करू" असं वाटतं तेव्हा बहुतेक ठिकाणी पहिला प्रस्ताव व्हीपीएनवर ओटीपी लावण्याचा येतो. तो झाडावर ठेवून बघा. २ख १६,००० वरून समजा ४०,००० वर जाते, म्हणजे या माणसाच्या ऐपतीबाहेर. छान. पण मुळाची किंमत होती तेवढीच राहते, १००. ओटीपीमुळे क्ष यांचा अहवाल तसूभरही सुरक्षित झालेला नाही. खंडणीखोराचं झाड वेगळं काढलं तर तिथे हाच ओटीपी वरच्या क्रमांकांत येईल, म्हणून तो लावू नका असं मी म्हणत नाही. पण तो कशासाठी लावतोय आणि कशासाठी नाही, हे व्यवस्थापनासमोर एका कागदावर मांडता येतं. बजेटच्या बैठकीत माझा अनुभव असा की हा एक कागद शंभर स्लाइड्सपेक्षा जास्त काम करतो.

प्रत्येक उपायानंतर झाड पुन्हा मोजायचं आणि स्वस्त वाट कुठे सरकली ते बघायचं. फोनचा बंदोबस्त झाला की तळ, म्हणजे सर्वांत स्वस्त वाटेची किंमत, ५०० वर येतो, आणि तिथे दोन वाटा बरोबरीने आहेत: वॉर्डातलं उघडं लॉगिन आणि कागदी केस पेपर. इथे एकच सुधारून भागत नाही, दोन्ही एकदम उचलाव्या लागतात. केस पेपर ट्रॉलीवरून काढून नर्सिंग स्टेशनच्या आतल्या रॅकमध्ये गेले, आणि बायोप्सीसारखे अहवाल बंद पाकिटात गेले, की ३.२ बऱ्यापैकी महाग होतं. त्याला पैसे लागत नाहीत, वॉर्ड इन्चार्ज सिस्टरचा होकार लागतो.

उघड्या लॉगिनचं काम मात्र नाजूक आहे. पहिल्यांदा सुचणारा उपाय म्हणजे दोन मिनिटांत पडदा आपोआप लॉक करणं. कागदावर २.२.१ बंद. पण रात्रपाळीला तीस रुग्णांमागे दोन सिस्टर असतात. त्यांना औषधांच्या नोंदीसाठी तासाला कितीतरी वेळा पडदा लागतो, आणि दर वेळी पासवर्ड टाकणं त्यांच्या हाताला परवडत नाही. मग आठवडाभरात तीनपैकी एक गोष्ट होते. पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवला जातो, नाहीतर वॉर्डभर एकच आयडी चालू होतो, नाहीतर कुणीतरी आयटीला फोन करून लॉकची वेळ एक तास करून घेतं. पहिल्या दोन्हींत २.२.२ ची किंमत ५०० वरून जवळजवळ शून्यावर आली. म्हणजे एक पान महाग करताना शेजारचं स्वस्त झालं, आणि फांदीची किंमत तिथेच राहिली. उपाय ठरवताना झाडावर फक्त ज्या पानाला हात लावला तेवढंच बदलू नका. त्या उपायाने लोकांची वागणूक बदलून दुसरं कुठलं पान हललं का, तेही नव्याने लिहा. इथे लॉक ठेवायचाच असेल तर उघडणं सोपं हवं: कर्मचाऱ्याचं ओळखपत्र टेकवलं की तिचं स्वतःचं लॉगिन परत समोर. त्याचा खर्च खरा आहे, पण आता तो कशाच्या बदल्यात आहे ते दिसतं.

या सगळ्या सुधारणांनंतर तळाशी लॅबची लिंक येते, ३,०००. तिचा विचार थोडक्यात: "तुमचा अहवाल तयार आहे" या एसएमएसमधली लिंक जर नुसत्या चढत्या क्रमांकावर उघडत असेल, तर स्वतःची साधी रक्त तपासणी करून घेणाऱ्या कुणालाही एक नमुना लिंक मिळते, आणि त्यातला क्रमांक बदलत बदलत त्या दिवसाचे सगळे अहवाल वाचता येतात. लांब, अंदाज न बांधता येणारी लिंक आणि उघडताना रुग्णाच्या मोबाइलवर ओटीपी, एवढ्याने हे पान बंद होतं. लॅब बाहेरची असेल तर हे त्यांच्या करारात लिहून घ्यावं लागतं. व्हॉट्सॲप ग्रुपचं पान पूर्ण बंद होत नाही. डॉक्टर मध्यरात्री मत घेण्यासाठी फोटो पाठवणारच, तेव्हा फोटोत नाव आणि नोंदणी क्रमांक येणार नाही एवढं सांभाळलं तरी ५,००० चं बरंच वर जातं.

शेवटी तळ येतो १.१ वर, पैसे घेऊन सांगणारा कर्मचारी, ८,०००. इथे निव्वळ रुपयांचा हिशेब संपतो. आपला माणूस २०,००० खर्चायला तयार आहे, त्यामुळे किंमत वाढवून हे पान बंद होणार नाही. पण त्याच्या वर्णनात दुसरी गोष्ट होती: त्याला केस नकोय. म्हणून प्रत्येक पानासमोर दुसरा स्तंभ लिहा, "माग राहतो का", आणि फक्त माग न राहणाऱ्या पानांतून तळ पुन्हा शोधा. कुणी कुठल्या रुग्णाचा अहवाल कधी उघडला याची नोंद एचआयएमएस ठेवत असेल आणि ती कुणी खरोखर वाचत असेल, तर १.१ या यादीतून गळतं. पैसे घेणाऱ्याला आपलं नाव निघेल हे कळतं आणि तो एकतर नकार देतो किंवा भाव चढवतो.

पण नोंद वाचण्यालायक कधी असते? तिथे "वॉर्ड ३" असं लिहिलेलं असेल तर काहीच कळत नाही, कारण त्या आयडीने दहा जण काम करतात. म्हणजे सामायिक पासवर्डचं पान, जे फांदी २ मध्ये आहे, तेच फांदी १ मधला माग राहतो की नाही ते ठरवतं. झाडाच्या रेषांत ही जोडणी दिसत नाही. म्हणून मी अशा ठिकाणी दोन पानांमध्ये तुटक रेघ ओढून ठेवतो. आमच्या क्षेत्रात काही जण अशा जोडण्यांसाठी पूर्ण जाळं काढतात. १५० खाटांच्या रुग्णालयाला तुटक रेघ पुरते.

बघण्याचा हक्क आवळताना एक धोका सांगतो. फक्त स्वतःच्या वॉर्डाचेच रुग्ण दिसतील असं केलं तर पैसे देण्यासारखी माणसं कमी होतात, आणि ते चांगलंच. पण रात्री दोन वाजता आयसीयूत हलवलेल्या रुग्णाची जुनी नोंद हाउसमनला दिसली नाही, तर त्याची किंमत रुग्ण मोजतो. म्हणून "तातडीने बघतोय, कारण हे" असं लिहून उघडायची मोकळीक ठेवावीच लागते. अशी प्रत्येक नोंद दुसऱ्या दिवशी सकाळी मेडिकल सुपरिंटेंडेंटनी नजरेखालून घालायची. आठवड्याने नाही, दुसऱ्याच दिवशी, कारण तेव्हा कारण आठवतं आणि विचारता येतं.

झाड पुरं झालं की त्याची परीक्षा घ्या. खरी घडलेली एखादी घटना घ्या आणि तिची वाट तुमच्या झाडात सापडते का बघा. सप्टेंबर २००७ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या पॅलिसेड्स मेडिकल सेंटरमध्ये अभिनेता जॉर्ज क्लूनी अपघातानंतर उपचारासाठी आला, आणि त्याची नोंद विनाकारण बघितल्याबद्दल २७ कर्मचाऱ्यांना निलंबित केलं गेलं. ही वाट आपल्या झाडात आहे का? नाही. आपण मुळात "बाहेरच्याला कळतो" असं लिहिलं, त्यामुळे कुतूहलाने बघणारा आतला माणूस सुटला. त्याला खर्च शून्य, कौशल्य शून्य, आणि पैसे देणारा कुणी नाही. ते दुसऱ्या हल्लेखोराचं दुसरं झाड आहे. तुमच्या गावातला एखादा ओळखीचा माणूस दाखल झाला की पहिली हालचाल याच झाडावर होते. तिथे जवळजवळ सगळा भार वाचल्या जाणाऱ्या नोंदीवर आणि स्वतंत्र लॉगिनवर पडतो.

मूळ बदललं की झाड किती बदलतं याचं चांगलं उदाहरण सिंगापूरचं आहे. २०१८ मध्ये सिंगहेल्थ या सरकारी आरोग्यसेवेतून सुमारे १५ लाख रुग्णांची वैयक्तिक माहिती चोरीला गेली. त्यांतल्या सुमारे १ लाख ६० हजार जणांच्या औषधांच्या नोंदीही गेल्या, पंतप्रधानांच्यासुद्धा. इथे मूळ "पूर्ण डेटाबेस बाहेर नेणे" हे होतं. वॉर्डातलं उघडं लॉगिन अशा कामात निरुपयोगी, एकेक रुग्ण उघडत वर्षं जातील. चौकशी समितीच्या अहवालातून दिसणारी वाट लांब 'आणि'ची आहे: ऑगस्ट २०१७ च्या सुमारास एका कर्मचाऱ्याच्या संगणकात शिरकाव, तिथून नेटवर्कमध्ये पसरणं, सिंगापूर जनरल हॉस्पिटलच्या, दूरून प्रोग्राम चालवू देणाऱ्या सिट्रिक्स सर्व्हरवर ताबा, तिथून डेटाबेसला जोडणी, मग २७ जून ते ४ जुलै २०१८ मोठ्या प्रमाणावर क्वेरी. एका स्थानिक ॲडमिन खात्याचा पासवर्ड `P@ssw0rd` होता.

हे शिकण्यासारखं का, तर 'आणि'च्या गाठीत बचाव करणाऱ्याला एकच पान बंद करायचं असतं. त्या सिट्रिक्स सर्व्हरपासून डेटाबेसपर्यंतची जोडणी चालू ठेवायची गरज नव्हती, असं समितीने म्हटलं. ती जोडणी कापली असती, तर ती वाट तिथे बंद झाली असती आणि हल्लेखोराला दुसरी शोधावी लागली असती. सगळे पासवर्ड बळकट करणं महाकठीण. एक फायरवॉल नियम काढणं अर्ध्या दिवसाचं काम. मोठ्या प्रमाणावर डेटा नेण्याच्या झाडात म्हणून मी आधी लांबलचक 'आणि' शोधतो आणि त्यातलं सर्वांत स्वस्तात बंद होणारं पान विचारतो. एका रुग्णाच्या झाडात ही सोय नसते. तिथे बहुतेक 'किंवा'च असतात आणि एकेक करून सगळे उपसावे लागतात. सिंगापूरमध्ये हल्ला थांबला तो ४ जुलैला एका डेटाबेस प्रशासकाला विचित्र क्वेरी दिसल्या म्हणून. पण तोवर डेटा गेला होता.

तिसरं मूळ, काम बंद पाडणं, आपल्या देशात नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये दिसलं. सर्व्हर एन्क्रिप्ट झाले आणि ओपीडीचं काम अनेक दिवस कागदावर चाललं. त्या झाडात बॅकअपचं पान मुख्य असतं, आणि "बॅकअप त्याच नेटवर्कवरून पुसता येतो का" हा त्याचा तपास. ते झाड स्वतंत्रपणे काढा, यात मिसळू नका.

शक्यतेच्या टक्केवारीबद्दल एक शब्द. काही साधनं पानांना संभाव्यता द्यायला सांगतात आणि वर गुणाकार करतात. तो गुणाकार पानं एकमेकांवर अवलंबून नसतील तरच बरोबर येतो, आणि सामायिक पासवर्डचं उदाहरण आपण पाहिलंच. शिवाय "फोनवर सांगण्याची शक्यता ३५ टक्के" हा आकडा आणणार कुठून? खर्च, माग आणि "आज शक्य आहे की नाही" या तीन गोष्टींवर थांबा.

झाड एकट्याने काढू नका. तुमच्यासोबत रात्रपाळीची एक सिस्टर, एमआरडी म्हणजे नोंदी विभागातला एक जुना कर्मचारी आणि लॅबचा माणूस असेल, तर दोन तासांत वरचं झाड होतं. माझ्या पाहण्यात आयटीच्या माणसाला फांदी २ नीट माहीत असते, आणि १ व ३ ची पानं बाकीच्या तिघांकडून येतात. त्यांना "धोके सांगा" असं विचारू नका. "तुम्हाला या रुग्णाचा रिपोर्ट हवा असता आणि लॉगिन नसतं, तर तुम्ही काय केलं असतं" असं विचारा. पाच मिनिटांत बोलू लागतात. कुणाचं नाव लिहायचं नाही, कुणाला दोष द्यायचा नाही, हे सुरुवातीलाच सांगा, नाहीतर सामायिक पासवर्डबद्दल कुणी तोंड उघडणार नाही. आणि झालेला कागद कुलपात ठेवा, तो तुमच्या रुग्णालयात शिरायचा नकाशाच आहे.

सुरुवात ३.१ पासून करा, कारण ते तपासायला सगळ्यात कमी वेळ लागतो. व्यवस्थापनाची आणि लॅबची लेखी परवानगी घ्या, दोन बनावट चाचणी-रुग्णांचे अहवाल लागोपाठ तयार करायला सांगा, आणि एकाच्या लिंकमधला क्रमांक बदलून दुसऱ्याचा अहवाल उघडतो का बघा. खऱ्या रुग्णाच्या लिंकला हात लावू नका. उघडला तर पानापुढे "आज शक्य" लिहा, तारीख टाका, आणि त्याच दिवशी लॅबला कळवा.